हॉटेलचं बिल एकदाच, पण कार्डातून पैसे दोनदा गेले: बँकेला पत्र कसं लिहायचं?

प्रश्न: 8 नोव्हेंबर 2025, शनिवारी रात्री जळगावात एका हॉटेलात घरचे सगळे जेवलो. बिल 1,840 रुपये. डेबिट कार्ड मशीनला लावलं, पिन टाकला, पण पावती निघाली नाही. वेटर म्हणाला रेंज गेली, परत लावा. दुसऱ्यांदा पावती आली. घरी अमळनेरला आल्यावर पाहिलं तर 1,840 चे दोन मेसेज, 9:17 आणि 9:21 चे. बँकेत गेले तर म्हणे हॉटेलवाल्याला विचारा. हॉटेलवाला म्हणतो आमच्याकडे एकदाच आले, बँकेला विचारा. आज 19 तारीख. बँकेला पत्र लिहायचं आहे, त्यात काय काय लिहू?

उत्तर:

ताई, मी बँकेत बरीच वर्षं कार्डाच्या तक्रारी पाहायचो. अशा तक्रारी लांबतात त्या बहुतेक वेळा एकाच कारणानं: पैसे दोनदा गेले एवढंच पत्रात असतं, पहिली रक्कम कुठे अडकली ते नसतं. पत्र वाचणाऱ्याला ती हॉटेलपर्यंत पोहोचली की नाही हे आधी कळायला हवं, कारण दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

तुमच्या वर्णनावरून काय झालं असावं ते सांगतो. मशीननं पहिल्यांदा विचारणा पाठवली, ती हॉटेलला मशीन देणाऱ्या बँकेतून तुमच्या बँकेत पोहोचली. तुमच्या बँकेनं खात्यातून 1,840 वजा करून होकार पाठवला, पण परतीच्या वाटेवर रेंज गेल्यानं तो मशीनपर्यंत आलाच नाही. मशीनच्या हिशेबी व्यवहार झालाच नाही, म्हणून पावती नाही. असं झालं की मशीननं पुन्हा जोडणी मिळताच आधीचा व्यवहार उलटवण्याचा निरोप पाठवायचा असतो. तो पोहोचला तर पैसे आपोआप परत येतात. तुमचा निरोप कुठेतरी राहिला. म्हणजे हॉटेलवाला बहुधा खरं बोलतोय. पहिले 1,840 त्याच्याकडे गेलेच नसावेत.

पण ‘बहुधा’वर पत्र लिहू नका. हॉटेलात फोन करा आणि 8 तारखेचा मशीनचा सविस्तर रिपोर्ट काढून त्याचा फोटो पाठवायला सांगा. रात्री हिशेब बंद करताना मशीनमधून ही लांब पट्टी निघते आणि तिच्यात त्या दिवसाचे सगळे व्यवहार असतात. तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि 1,840 ही नोंद त्यात एकदाच दिसली, तर पहिली रक्कम बँकांच्या मधेच लटकली आहे. दोनदा दिसली, तर दोन्ही रकमा हॉटेलच्या खात्यात गेल्या आहेत. इतर गिऱ्हाइकांच्या नोंदी झाकून फोटो द्या म्हणालात तर कुणी सहसा नाही म्हणत नाही. मालक शहाणा असेल तर ‘बिल क्रमांक अमुक, रक्कम एकदाच मिळाली’ असं लेटरहेडवर लिहून शिक्का मारून देईल. तो कागद फार उपयोगाचा आहे.

एकच नोंद निघाली असं धरून पुढे जातो. तुमच्या बाजूनं रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे, 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालेलं. दुकानातल्या मशीनवर खात्यातून पैसे गेले आणि पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. ते न आल्यास त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. तुमचा व्यवहार 8 तारखेचा, मुदत 13 ला संपली, 14 पासून भरपाई सुरू. समजा पैसे 24 नोव्हेंबरला जमा झाले, तर उशीर 11 दिवसांचा, म्हणजे 1,100 रुपये. ही भरपाई ग्राहकानं मागण्याची वाट न पाहता बँकेनं स्वतः द्यायची असंही त्यात लिहिलं आहे. तरी पत्रात मागाच. न मागता जमा झालेली मी क्वचितच पाहिली.

आता पत्र. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), अमळनेर शाखा

दिनांक: 20 नोव्हेंबर 2025

विषय: दि. 8 नोव्हेंबर 2025 रोजी डेबिट कार्डावरून एकाच बिलासाठी दोनदा वजा झालेल्या रकमेपैकी ₹1,840 परत जमा करणेबाबत

महोदय,

माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ……… आहे. त्यावरील डेबिट कार्डाचे शेवटचे चार अंक ……… आहेत.

दि. 8 नोव्हेंबर 2025 रोजी रात्री जळगाव येथील ……… या हॉटेलात मी बिल क्र. ……… चे ₹1,840 कार्डाने दिले. रात्री 9:17 वाजता केलेल्या पहिल्या व्यवहाराची पावती मशीनमधून निघाली नाही. म्हणून 9:21 वाजता त्याच मशीनवर तोच व्यवहार पुन्हा केला आणि त्याची पावती मिळाली. माझ्या खात्यातून मात्र दोन्ही वेळा रक्कम वजा झाली:

पहिला व्यवहार: रात्री 9:17, ₹1,840, संदर्भ क्र. ……… (पावती नाही)
दुसरा व्यवहार: रात्री 9:21, ₹1,840, संदर्भ क्र. ……… (पावती जोडली आहे)

दुसरा व्यवहार मला मान्य आहे. पहिल्या व्यवहाराबद्दल माझी तक्रार आहे. त्या दिवशी त्या हॉटेलात माझे एकच बिल होते. हॉटेलच्या मशीन रिपोर्टमध्ये माझ्या कार्डाची एकच नोंद आहे. त्याची प्रत सोबत आहे. हे दोन्ही व्यवहार मी स्वतः केलेले असून फसवणुकीची तक्रार नाही. कार्ड बंद करू नये.

रिझर्व्ह बँकेच्या दि. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार ही रक्कम 13 नोव्हेंबर 2025 पर्यंत परत येणे आवश्यक होते. ती आजवर आलेली नाही. तरी पहिल्या व्यवहाराचे ₹1,840 माझ्या खात्यात परत जमा करावेत आणि 14 नोव्हेंबरपासून रक्कम जमा होईपर्यंत प्रतिदिन ₹100 प्रमाणे भरपाई द्यावी. तक्रार क्रमांक कळवावा, ही विनंती.

सोबत: बिल, दुसऱ्या व्यवहाराची पावती, दोन्ही मेसेजचे फोटो, खातेउतारा, हॉटेलचा मशीन रिपोर्ट.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाईल क्रमांक)

यातल्या काही वाक्यांबद्दल बोलतो, कारण लोक नेमकी तीच गाळतात.

संदर्भ क्रमांक म्हणजे पावतीवर RRN लिहिलेला बारा आकडी क्रमांक. पहिल्या व्यवहाराची पावती नसल्यानं तो खातेउताऱ्यात किंवा मेसेजमध्ये शोधा. तिथे नसेल तर शाखेतून काढून घ्या, त्यांच्या पडद्यावर दिसतो. दोन सारख्या रकमांमधली नेमकी कोणती परत करायची हे याच क्रमांकावरून ठरतं.

‘दुसरा व्यवहार मला मान्य आहे’ हे वाक्य ठेवाच. नुसतं ‘पैसे दोनदा गेले’ लिहिलं की पुष्कळदा टेबलावरचा माणूस पावती असलेल्या दुसऱ्या व्यवहारावर तक्रार नोंदवतो. मग उत्तर येतं की व्यवहार यशस्वी आहे, तक्रार बंद. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर बरोबर असतं आणि तुम्ही तिथेच अडकता.

फसवणूक नाही हेही स्पष्ट लिहा. घाईत लोक ‘फ्रॉड झाला’ म्हणतात. तसं म्हटलं की कार्ड बंद होतं आणि तक्रार अनधिकृत व्यवहारांच्या खात्यात जाते. तिथे पहिला प्रश्न असतो: पिन कोणी टाकला? तुम्हीच टाकला, मग ती तक्रार टिकत नाही.

आता हॉटेलच्या रिपोर्टमध्ये दोन नोंदी निघाल्या तर काय. मग वरचा पाच दिवसांचा नियम आणि 100 रुपयांची भरपाई तुम्हाला लागू होत नाही, कारण दोन्ही व्यवहार पुरे झाले. आधी हॉटेललाच एक रक्कम कार्डावर परत करायला सांगा. त्यांनी टाळलं तर पत्रातला परिपत्रकाचा परिच्छेद काढा आणि तिथे लिहा: ‘एकाच बिलाची दोनदा आकारणी झाली असल्याने पहिल्या व्यवहारावर चार्जबॅक दाखल करावा.’ यात तुमची बँक मशीनवाल्या बँकेकडून रक्कम परत मागते आणि हॉटेलला दोन वेगळी बिलं होती हे सिद्ध करावं लागतं. म्हणून ‘एकच बिल होते’ हे वाक्य इथे सर्वांत महत्त्वाचं. जेवणानंतर त्याच रात्री शेवभाजीचं पार्सल वेगळ्या बिलानं घेतलं असेल आणि तुम्ही ते लिहिलं नसेल, तर हॉटेल तेच बिल पुढे करेल. अशा तक्रारीला मुदत असते. व्हिसा कार्डाला ती साधारण 120 दिवसांची आहे. हॉटेलच्या आश्वासनांवर महिने घालवू नका. बँक बहुधा तिचा छापील फॉर्मही भरायला लावेल. तो भरा, पण पत्र त्याला जोडा, कारण फॉर्मच्या चौकटींत पावती न निघाल्याची हकीकत मावत नाही.

पत्राच्या दोन प्रती काढा आणि दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘हॉटेलवाल्याला विचारा’ हे उत्तर पुन्हा मिळालं तर शांतपणे सांगा की माझं खातं तुमच्याकडे आहे, मशीनवाल्या बँकेशी बोलणं तुमचं काम आहे. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र बँकेच्या तक्रार विभागाला ईमेलनं पाठवा. पत्ता बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. पैसे परत मिळवण्यासाठी ओटीपी किंवा पिन सांगावा लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवून द्या.

पोचेची तारीख 20 नोव्हेंबर असेल, तर 20 डिसेंबरपर्यंत थांबा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. पोच दिलेली प्रत आणि बँकेचं उत्तर जोडायचं. बँकेकडे आधी लेखी न जाता थेट तिथे गेलात तर तक्रार परत येते, म्हणून तो शिक्का जपा.

मधेच हॉटेलनं रोख 1,840 देऊ केले तर घ्यायला हरकत नाही, पण त्याच दिवशी बँकेला कळवून तक्रार मागे घ्या. आणि बँकेनं फक्त 1,840 जमा केले, भरपाई दिली नाही, तर तक्रार बंद झाल्याच्या मेसेजवर ‘समाधानी’ दाबू नका. जमा झाल्याची तारीख, 13 नोव्हेंबरनंतरचे दिवस आणि होणारी रक्कम एवढंच लिहून त्याच तक्रार क्रमांकावर दुसरं छोटं पत्र द्या.