सोलापूरची टॉवेल कंपनी पब्लिक कधी झाली? कलम ४३ए आणि खरे रूपांतर

प्रश्न: काकांकडे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कंपनीचे शेअर्स आहेत, कागदी सर्टिफिकेट. १९८४ च्या सर्टिफिकेटवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे. १९९३ च्या लेटरहेडवर नुसते ‘लिमिटेड’. २००४ च्या ताळेबंदावर पुन्हा ‘प्रायव्हेट’. आता परत ‘लिमिटेड’. कंपनी नक्की पब्लिक कधी झाली आणि त्याने काय बदलले? शेअर्स विकायचे आहेत.

उत्तर:

तुमच्या चारही कागदांवरची नावे बरोबर असू शकतात. १९९३ च्या सुमाराचे ‘लिमिटेड’ आणि आजचे ‘लिमिटेड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काकांच्या शेअर्सच्या दृष्टीने बहुधा दुसरीच महत्त्वाची आहे. नावावरून कधीच निष्कर्ष काढू नका. कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, कोणत्या तारखेला बदलली हे शोधायचे आहे.

आधी १९९३ चे कोडे. कंपनी कायदा १९५६ मध्ये कलम ४३ए होते. भागधारकांनी काहीही ठराव केला नसला तरी काही अटी पूर्ण झाल्या की प्रायव्हेट कंपनी आपोआप पब्लिक ठरत असे. याला सगळे ‘डीम्ड पब्लिक’ म्हणत. एक अट अशी की भरणा झालेल्या भागभांडवलाचा २५ टक्के किंवा जास्त हिस्सा इतर कंपन्यांकडे असणे. दुसरी अट १९७४ च्या दुरुस्तीने आली, ती उलाढालीची. सलग तीन आर्थिक वर्षांची सरासरी उलाढाल ठरलेल्या मर्यादेला पोचली की कंपनी डीम्ड पब्लिक. ही मर्यादा सुरुवातीला १ कोटी रुपये होती, पुढे ती वाढवत नेली. त्या काळी चांगली निर्यात करणारी टॉवेल कंपनी उलाढालीच्या अटीत सापडणे अगदी शक्य होते.

यात एक ओळखीची खूण आहे. उलाढालीच्या अटीने होणारा बदल तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवसानंतर तीन महिने संपले की लागू होई. वर्ष ३१ मार्चला संपणारे असेल तर तारीख ३० जूनच्या किंवा १ जुलैच्या आसपास येते. जुन्या कागदावर ‘१ जुलै १९९२ पासून पब्लिक’ असे दिसले तर ते जवळजवळ नक्की ४३ए चे प्रकरण आहे. त्यानंतर कंपनीने तीन महिन्यांत निबंधकांना, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचे, आणि निबंधक नोंदवहीतल्या नावातला ‘प्रायव्हेट’ शब्द काढून जुन्या नोंदणी प्रमाणपत्रावरच तसा शेरा मारत. त्यामुळे १९८४ च्याच नोंदणी प्रमाणपत्रावर खाडाखोड, शिक्का आणि ‘४३ए’ असा उल्लेख सापडेल.

आता त्यातला कळीचा भाग. डीम्ड पब्लिक कंपनीला आपल्या आर्टिकल्समधली प्रायव्हेट कंपनीची बंधने तशीच ठेवायची मुभा होती. शेअर हस्तांतरणावर बंधन, सभासद ५० पेक्षा जास्त नकोत, लोकांकडून भांडवल मागायला बंदी, हे सगळे आर्टिकल्समध्ये राहू शके. सभासद सातपेक्षा कमी असले तरी चाले. बदलले ते कंपनीवरचे ओझे. संचालकांना कर्ज देणे, इतर कंपन्यांत पैसे गुंतवणे, व्यवस्थापकीय संचालकाचा मोबदला अशा बाबतींत प्रायव्हेट कंपनीला असलेल्या सवलती गेल्या. नफा-तोट्याचे पत्रकही निबंधकांच्या कार्यालयात बाहेरच्या माणसाला पाहता येऊ लागले. काकांचा शेअर विकण्याचा हक्क मात्र आर्टिकल्समधले बंधन कायम असेल तर एका पैशानेही वाढला नाही.

२००४ मध्ये ‘प्रायव्हेट’ परत कसा आला, याचे उत्तर २००० च्या दुरुस्ती कायद्यात आहे. १३ डिसेंबर २००० पासून ४३ए थांबले. डीम्ड पब्लिक झालेल्या कंपन्यांना निबंधकांना कळवून नावात पुन्हा ‘प्रायव्हेट’ घेता आले. बऱ्याच कंपन्यांनी हे केले, पण सगळ्यांनी एकाच वर्षी नाही. म्हणून २००४ च्या ताळेबंदावरून एवढेच कळते की तोवर ते झालेले होते.

आता शेवटचे, खरे रूपांतर. ते २०१४ नंतरचे असेल तर कागदांचा माग सरळ आहे. समजा सर्वसाधारण सभेत १२ ऑगस्ट २०१९ रोजी विशेष ठराव झाला आणि नवी आर्टिकल्स स्वीकारली. ठरावाची प्रत `MGT-14` या फॉर्मने ३० दिवसांत, म्हणजे ११ सप्टेंबरपर्यंत निबंधकांकडे जाते. बदललेली आर्टिकल्स १५ दिवसांत द्यायची असतात. ती `INC-27` या रूपांतराच्या फॉर्मबरोबर जातात, आणि त्यात `MGT-14` चा क्रमांक लागतो, म्हणून व्यवहारात `MGT-14` आधी भरला जातो. छाननी झाली की निबंधक नवे प्रमाणपत्र देतात, समजा २० सप्टेंबरला.

मग पब्लिक कधी झाली, १२ ऑगस्टला की २० सप्टेंबरला? २०१३ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार आर्टिकल्समधून प्रायव्हेटची बंधने निघाली त्या तारखेपासून कंपनी प्रायव्हेट राहत नाही. नवे नाव आणि नवा ओळख क्रमांक मात्र निबंधकांच्या प्रमाणपत्रापासून. माझे स्पष्ट मत असे की कुठेही लिहिताना दोन्ही तारखा लिहाव्यात, ठरावाची आणि प्रमाणपत्राची. एकच लिहिली की पुढे कुणीतरी दुसरी पुढे करून वाद घालतो. रूपांतर २०१४ च्या आधीचे असेल तर १९५६ च्या कायद्याचे कलम ४४ लागते. तिथेही तारीख आर्टिकल्स बदलल्याचीच, आणि सोबत ३० दिवसांत प्रॉस्पेक्टस किंवा त्याऐवजीचे निवेदन दाखल करावे लागे. ते निवेदन फाइलमध्ये सापडले तर ते खऱ्या रूपांतराचा भक्कम पुरावा आहे, कारण ४३ए मध्ये त्याची गरजच नव्हती.

शोधायचे कुठे? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, संकेतस्थळावर कंपनीची ‘मास्टर डेटा’ माहिती फुकट दिसते, पण तिथे आजची स्थिती असते. रूपांतराची तारीख मिळत नाही. ‘Date of Incorporation’ १९८४ च दाखवेल, आणि त्यावरून माहिती उचलणारी खासगी संकेतस्थळे कंपनी १९८४ पासूनच पब्लिक असल्यासारखे लिहितात. त्यावर विसंबू नका. ओळख क्रमांक असा दिसतो:

```
U17xxxPN1984PTC0xxxxx   (आधी)
U17xxxPN1984PLC0xxxxx   (नंतर)
```

बदल `PTC` चा `PLC` होण्यात आहे. स्थापनेचे वर्ष आणि शेवटचे सहा आकडे सहसा तेच राहतात. जुन्या कागदावर ‘११-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर त्यातला ११ महाराष्ट्राचा, आणि पुढचे आकडे या शेवटच्या सहा आकड्यांशी जुळतात. ही जुळणी आधी करा, म्हणजे सारख्या नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या मागे लागणार नाही. सोलापूरच्या कंपन्यांत कुठे `MH` तर कुठे `PN` दिसते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या निबंधकांकडे येतो म्हणून `PN`. हा फरक दिसला तर त्याचा पब्लिक होण्याशी संबंध जोडू नका. मधल्या पाच आकड्यांचेही तसेच, ते उद्योगाचे असतात आणि बदलू शकतात.

तारखांसाठी लॉगिन करून ‘View Public Documents’ मध्ये १०० रुपये भरा. पाहण्याची वेळ मर्यादित असते, म्हणून हा क्रम ठेवा: आधी प्रमाणपत्रांचा विभाग, मग `MGT-14` आणि `INC-27` ची जोडपत्रे, मग १९८४ ची आणि आजची आर्टिकल्स, शेवटी जुनी वार्षिक विवरणे. सगळे उतरवून घ्या, वाचा नंतर. २००६ मध्ये ई-फायलिंग आले. त्याआधीचे कागद स्कॅन करून चढवलेले असतात आणि ते अपुरे असू शकतात. १९९२ चा शेरा तिथे नसेल तर त्या वर्षांचे लेखापरीक्षकांचे अहवाल आणि ताळेबंदाच्या टिपा पाहा, ‘४३ए’ चा उल्लेख तिथे सापडू शकतो. तेही नसेल तर पुण्याच्या निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मागवायची.

दोन्ही आर्टिकल्स समोर ठेवून हस्तांतरणाचे कलम ताडून पाहा. जुन्यात ‘संचालक कारण न देता हस्तांतरण नाकारू शकतात’ किंवा ‘आधी इतर सभासदांना देऊ करावे’ असे असेल आणि नव्यात ते नसेल, तर तो ठराव म्हणजेच तुमचे उत्तर.

आता काय बदलले ते. २०१३ च्या कायद्याच्या कलम ५८ नुसार पब्लिक कंपनीचे शेअर मुक्तपणे हस्तांतरणीय असतात. पुरेशा कारणाशिवाय नकार दिला तर नकार मिळाल्यापासून ६० दिवसांत, आणि कंपनीने काहीच कळवले नाही तर कागद दिल्यापासून ९० दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. भागधारकांनी आपापसांत लेखी करार केला असेल तर तो मात्र त्यांच्यात लागू राहतो. कंपनीला किमान सात सभासद आणि तीन संचालक लागतात, आधी दोन-दोन पुरत होते. कंपनीची जुनी कर्जे, करार, खटले तसेच चालू राहतात, काकांचे जुन्या नावाचे सर्टिफिकेटही बाद होत नाही.

मात्र पब्लिक म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली असे नाही. ओळख क्रमांकाचे पहिले अक्षर `U` असेपर्यंत ती अनलिस्टेड आहे. गिऱ्हाईक तुम्हालाच शोधायचे, भावही बोलून ठरवायचा.

आणि इथेच बहुतेकांचे अडते: २ ऑक्टोबर २०१८ पासून अनलिस्टेड पब्लिक कंपनीचे शेअर कागदी स्वरूपात हस्तांतरित करता येत नाहीत. विकण्याआधी डीमॅट करावेच लागतात. म्हणून आधी कंपनीच्या कागदांत `PAS-6` फॉर्म शोधा. तो अशा कंपन्यांनी दर सहामाहीला भरायचा असतो, आणि त्यात आयएसआयएन, म्हणजे डीमॅटमध्ये त्या शेअरची ओळख ठरवणारा क्रमांक, असतो. तो मिळाला की काकांच्या नावाचे डीमॅट खाते उघडून मूळ सर्टिफिकेट आणि डीमॅट विनंती अर्ज डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे, म्हणजे जिथे ते खाते उघडले त्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे, द्यायचा. जुनी सही आजच्या सहीशी जुळत नसेल किंवा सर्टिफिकेटवरचे नाव पॅनवरच्या नावापेक्षा वेगळे असेल तर अर्ज परत येतो, त्यामुळे ते आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे तिची भागधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडून, दुरुस्त करून घ्या.

`PAS-6` नसेल तर कंपनीने आयएसआयएन घेतलाच नसण्याची शक्यता मोठी आहे. मग नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून आयएसआयएन आणि रजिस्ट्रारचे नाव मागा, पोच जपून ठेवा. उत्तर आले नाही तर या नियमाखालची तक्रार गुंतवणूकदारांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी आयईपीएफ प्राधिकरणाकडे करता येते.