ढिल्लं रिव्हेट हातोडीने घट्ट होत नाही

प्रश्न: घरची ॲल्युमिनियमची घडीची शिडी आहे, सहा पायऱ्यांची. तिसरी पायरी हलते आणि उघडून ठेवली की शिडी डुलते. रिव्हेट घरीच घट्ट करता येतील का? दिवाळीच्या सफाईला वापरायची आहे.

उत्तर:

येतील, पण हातोडीने नाही. पहिला सल्ला सगळीकडे हातोडीचाच मिळतो: मागे लोखंडी तुकडा धरा, डोक्यावर चार ठोके द्या, झालं. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये या एका गोष्टीवरून मी वर्षानुवर्षं वाद घातला आहे. आपल्या नाशकात तांबट हंड्याच्या कानाला रिबीट ठोकतात, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, मग शिडीचं का नाही, असं समोरचा म्हणतो. तांबटाचं रिबीट भरीव असतं आणि मागून जड ऐरणीचा आधार असतो, त्यामुळे ठोक्यासरशी धातू फुगून भोक भरून टाकतो. घरगुती शिडीचं रिव्हेट बहुधा पोकळ असतं आणि त्याच्यामागे दीड मिलिमीटरचा पत्रा. ठोकलं की पत्रा आत दबतो, डोकं चपटं होतं आणि भोक होतं तेवढंच राहतं. आठ दिवस घट्ट वाटतं, नंतर आधीपेक्षा जास्त खुळखुळतं.

कारण ढिलाई डोक्याखाली नसतेच, ती भोकात असते. तुम्ही पाय ठेवला की पायरी रिव्हेटला खाली ढकलते. उभ्या पट्टीतलं भोक खालच्या बाजूला ताणलं जातं आणि पायरीच्या कानातलं वरच्या बाजूला. गोल भोक अंडाकृती होतं. शिडी आडवी टाकून पायरी दोन्ही हातांनी पिळा आणि रिव्हेटभोवती बघा. काळसर पूड दिसली तर दोन पत्रे एकमेकांवर घासताहेत. ती पुसून टाका, दोन दिवस शिडी वापरा. पुन्हा आली तर त्या रिव्हेटचं काम संपलं.

परवा माझ्यापुढे अशीच शिडी होती. तिसऱ्या पायरीचं पुढचं डावं रिव्हेट 4.8 मिलिमीटरचं, आणि भोक उभ्या दिशेने 5.6 झालेलं. त्यात परत 4.8 चं रिव्हेट घालणं वाया. 6 मिलिमीटरचा बोल्ट घालणारे भेटतात, पण बोल्ट फुगत नाही, भोकापेक्षा जरा बारीक असला की तो तसाच बारीक राहतो आणि हलतो. पॉप रिव्हेटमधला खिळा गनने ओढला की ते फुगतं आणि भोक भरतं. म्हणून पायरीला पुढच्या मापाचं, 6.4 चं पॉप रिव्हेट, आणि त्यासाठी 6.5 चं भोक. ॲल्युमिनियमचं रिव्हेट घेऊ नका, स्टीलच्या बॉडीचं घ्या. रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरवाल्याकडे मागताना पत्र्यांची एकूण जाडी सांगा. माझ्या शिडीत ती 3 मिलिमीटर होती. डब्यावर पकडीची मर्यादा छापलेली असते, तुमची जाडी तिच्या आत बसली पाहिजे. लांबी कमी पडली तर मागे डोकंच तयार होत नाही, जास्त झाली तर शेपूट फुगते पण पत्रे एकत्र ओढले जात नाहीत.

6.5 चं भोक पाडण्याआधी एक माप घ्या: भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या जवळच्या कडेपर्यंत 13 मिलिमीटर तरी हवेत, म्हणजे रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट. त्या शिडीत 14 होते, म्हणून हात घातला. कमी असतील तर थांबा, मोठं भोक तिथली कड फाडेल.

काम असं. शिडी बाजूवर आडवी करून खाली लाकडी फळी. पायरीची चारही रिव्हेटं एकदम काढू नका, एकेक काढा, म्हणजे बाकीची पायरीला जागेवर धरून ठेवतील. जुन्या रिव्हेटच्या मध्यावर सेंटर पंच मारा, 4.8 च्याच बिटने फक्त डोकं सुटेपर्यंत ड्रिल करा, उरलेलं पंचने मागे ढकला. डोकं बिटबरोबर गरगर फिरायला लागलं तर पान्ह्याने धरा, जोर लावून आत घुसू नका. अंडाकृती भोकात मोठा बिट सरळ घातला तर तो ताणलेल्या बाजूला सरकतो. आधी गोल कानशीने विरुद्ध बाजू तेवढीच घासून घ्या, दोन्ही पत्रे सी-क्लॅम्पने आवळा, मग कमी वेगात 6.5 चं भोक. क्लॅम्प सोडून पत्र्यांच्या मधला कीस फुंकून, ब्रशने साफ करा. मध्ये केसाएवढा कीस राहिला तरी रिव्हेट त्यावर बसतं आणि महिनाभरात ढिलं होतं. परत आवळून रिव्हेट ओढा. साधी हाताची गन बहुतेक 4.8 पर्यंतच चालते, 6.4 ला लांब दांड्यांची लागते, ती भाड्याने किंवा ओळखीत मागून घ्या.

आता डुलणं. बिजागरीला दोष देण्याआधी शिडी सपाट फरशीवर उघडा आणि तिथेच काटकोनात फिरवून बघा. उचललेला पाय तोच राहिला तर दोष शिडीचा, बहुधा एक रबरी बूट झिजलेला किंवा गायब. दुसरा पाय उचलला तर शहाबादी वरखाली आहे. बूट नीट असूनही बाजूला डुलत असेल तर बिजागरीचं रिव्हेट. इथे मात्र बोल्ट योग्य, कारण हा सांधा फिरायला हवा, रिव्हेट ओढलं तर तो जाम होतो आणि घडी करताना पट्ट्या पिळतात. भोक गोल असेल तरच 6 चा अर्धआट्यांचा बोल्ट घ्या, म्हणजे सांध्यात गुळगुळीत दांडा येतो, आटे पत्र्याला कुरतडत नाहीत. दोन हलत्या पत्र्यांमध्ये नायलॉनचा वायसर, मागे नायलॉक नट. खेळ संपेपर्यंत आवळा, मग पाव फेरा सोडा. नटाबाहेर बोल्टचे एकदोन आटे दिसले पाहिजेत.

चढण्याआधी माणूस नको, वजन टांगा. दुरुस्त पायरीला, रिव्हेटच्या अगदी शेजारी, वाळूच्या गोण्या दोराने बांधा, एकूण 100 किलो, जमिनीपासून वीतभर वर, पाचेक मिनिटं. रिव्हेटच्या डोक्यावरून पत्र्यावर मार्करने सरळ रेघ आधीच मारून ठेवा. वजन काढल्यावर रेघ तुटलेली दिसली तर सांधा सरकलाय. रेघ तशीच राहू द्या, पुढच्या वेळी नुसतं बघितलं तरी कळेल.

हे सगळं पत्रा धड असेल तर. भोकापासून कडेकडे भेग गेली असेल तर शिडी मोडीत. बारीक भेग डोळ्याला दिसत नाही: जागा घासून पुसा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडी पुसून वर खडू घासा, भेग असेल तिथे ओली रेघ उमटते. वेल्डिंग करून घेऊ नका, उष्णतेने आजूबाजूचं ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि शिडी टाक्याशेजारीच वाकते. उभी पट्टी वाकलेली असेल तर तीही सरळ करू नका, एकदा मुडपलेली पट्टी त्याच जागी परत मुडपते. आणि शिडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही करण्याआधी दुकानात दाखवा, भोक पाडलं की वॉरंटी राहत नाही.

सफाईबरोबर बाहेर माळाही लावणार असाल, तर ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढून विजेच्या तारेजवळ जाऊ नका. तिथे लाकडी घोडा घ्या, तोही कोरडा.