सोफ्याची सीट खचली, फोम बदलू की खालचे पट्टे?

प्रश्न: 5 वर्षं जुना 3 सीटर आहे, मधे बसलं की खड्डा पडतो. नवीन फोम टाकला तर ठीक होईल का?

आधी खालचे इलॅस्टिक पट्टे बदला, कारण ते ढिले असतील तर नवीन फोमपण त्याच खड्ड्यात वाकतो. खात्री करायला गादी काढून सपाट फरशीवर ठेवून बसा, तिथे नीट आधार मिळाला तर फोम चांगला आहे आणि दोष खालीच आहे. मग सोफा उलटा करून खालचं काळं कापड काढा, लोंबलेले पट्टे लगेच दिसतील. नवीन पट्टा ताणूनच ठोकायचा, म्हणजे चौकटीचं अंतर 60 सेमी असेल तर एक टोक ठोकून सैल पट्ट्यावर साधारण 54 सेमीला खूण करा, ती खूण समोरच्या लाकडापर्यंत ओढून स्टेपल मारा, मगच थोडं टोक राखून कापा आणि ते टोक दुमडून परत स्टेपल मारा, आधी कापला तर ओढायला हाताला काही उरत नाही (इथेच बरेच जण फसतात). आडवे पट्टे उभ्यांमधून एक वर एक खाली असे विणा, वजन वाटलं जातं. फक्त पट्ट्यांऐवजी झिगझॅग स्प्रिंग असेल तर आधी क्लिप बघा, बऱ्याचदा तीच निसटलेली असते, आणि लाकूडच तडकलं असेल तर सुताराकडून ते आधी करून घ्या.