वाइल, डेन, देसहाल्ब: क्रियापद कुठे बसतं?
हे जर्मन शब्द नुसत्या अर्थाने पाठ करू नकोस, क्रियापदाची जागा बघ. ‘इश ब्लाइबं त्सु हाउझं, वाइल इश क्रांक बिन’ (आजारी आहे म्हणून घरी थांबतो): वाइलमुळे ‘बिन’ थेट शेवटी गेलं. ‘जरी’ अर्थाच्या ओब्वोलचंही तसंच. डेनही कारणच सांगतो, पण क्रम साधा ठेवतो: ‘डेन इश बिन क्रांक’.

‘म्हणून’ अर्थाचा देसहाल्ब मात्र स्वतःच पहिली जागा अडवतो, म्हणून लगेच क्रियापद आणि मग कर्ता: ‘देसहाल्ब ब्लाइबं इश त्सु हाउझं’. ‘देसहाल्ब इश ब्लाइबं’ लिहिलंस की चुकलं.

वाइलने सुरुवात केलीस, तर स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं येतात: ‘वाइल इश क्रांक बिन, ब्लाइबं इश त्सु हाउझं’. डेनने अशी सुरुवात होत नाही. बोलताना जर्मन लोक वाइलनंतरही कधी साधा क्रम ठेवतात. परीक्षेत तू ठेवू नकोस.