आईला डायलिसिस, बायको गरोदर, दोघींना टीबी: गोळ्या वेगळ्या का?

प्रश्न: आईचं (वय 58, वजन 48 किलो) सोम-बुध-शुक्र डायलिसिस असतं. तिला मानेच्या गाठीचा टीबी निघाला. त्याच महिन्यात बायकोला फुफ्फुसाचा निघाला, ती पाच महिन्यांची गरोदर आहे, वजन 46. बायकोला रोज तीन गोळ्या, पूर्ण डोस. आईला मात्र सुट्या गोळ्या आणि त्यातल्या दोन आठवड्यातून तीनदाच. आम्हाला हे उलटं वाटतंय. गरोदर बाईला इतकी जड औषधं चालतात का? पुढे बाळाला पाजता येईल? आणि आईचे डोस चुकत तर नाहीत ना?

उत्तर: दोघींचंही बरोबर चाललंय. छातीविकार विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टीबीची पहिल्या फळीची औषधं चार. त्यातली आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन मुख्यतः यकृतातून मार्गी लागतात. इथॅम्ब्युटॉल बहुतांशी लघवीवाटे जातं. पायराझिनामाइडवर यकृत काम करतं खरं, पण त्यातून जे पदार्थ बनतात ते बाहेर टाकायला मूत्रपिंडच लागतं. तुमच्या आईची ही वाट बंद आहे. सूनबाईंची मूत्रपिंडं गरोदरपणात उलट जास्तच काम करतात.

आता सरकारी पाकिटातली ती चार औषधांची एकत्र गोळी घ्या. एका गोळीत इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम. 35 ते 49 किलो वजनाला रोज तीन गोळ्या, म्हणजे 825. आईंना हेच दिलं असतं तर आठवड्याला 5,775 मिलिग्रॅम पोटात गेलं असतं आणि बाहेर पडायला जवळजवळ रस्ताच नसता. म्हणून त्यांच्यासाठी एकत्र गोळी फोडून सुटी औषधं करावी लागतात. 48 किलोला साधारण असं बसतं: आयसोनियाझिड 300 आणि रिफाम्पिसिन 450 रोज, पायराझिनामाइड 1,250 आणि इथॅम्ब्युटॉल 800 आठवड्यातून तीनदा. तुमच्या कागदावर आकडे थोडे इकडेतिकडे असतील, त्यात वावगं काही नाही. पण वजन कुठलं धरलंय ते विचारा. डायलिसिसच्या आधी अंगात पाणी साठलेलं असतं, म्हणून डोस ड्राय वेटवर काढतात.

इथे एक गोष्ट नीट बघा. इथॅम्ब्युटॉलच्या प्रत्येक वेळच्या डोसला फारशी कात्री लावलेली नाही, दोन डोसांमधलं अंतर वाढवलंय. घरचे लोक बरेचदा म्हणतात, त्यापेक्षा रोज अर्धी गोळी द्या की, निदान खंड तरी पडणार नाही. तसं करू नका. जंतू मरायला रक्तात औषधाची पातळी एकदा चांगली वर जावी लागते. रोज अर्धी घेतली तर ती तेवढी चढत नाही, आणि औषध साठत मात्र राहतं. ‘टीबीचं औषध एक दिवस चुकवायचं नाही’ हा नियम आई पाळतच आहेत, कारण बाकीची दोन रोज चालू आहेत.

वेळ डायलिसिस झाल्यानंतरची. पायराझिनामाइड डायलिसिसमध्ये बऱ्यापैकी धुतलं जातं, आयसोनियाझिडही थोडं जातं. सकाळी गोळ्या घेऊन मशीनवर झोपलं तर औषधाचा पैसा आणि दिवस दोन्ही वाया. सगळ्यात सोपं म्हणजे त्या दिवशीच्या चारही गोळ्या डब्यात घालून युनिटला न्यायच्या आणि सुया निघाल्या की सिस्टरांसमोर घ्यायच्या. बुधवारचं डायलिसिस गुरुवारी गेलं, तर त्या दोन गोळ्याही त्याच्या मागोमाग गुरुवारी. हे युनिटच्या डॉक्टरांना सांगून करा.

यात खरी भीती डोळ्यांची. इथॅम्ब्युटॉल साठलं तर डोळ्याच्या नसेला सूज येते. दुखत काही नाही, म्हणून लक्षात येत नाही. एका डायलिसिसच्या पेशंटला बाहेरून नेहमीचं एकत्र पाकीट चालू झालं होतं. ते आमच्याकडे आले तेव्हा तक्रार चष्म्याच्या नंबरची होती. रंगांच्या ठिपक्यांची चाचणी पुढे ठेवली तर पहिलं पान सोडून एकही आकडा वाचता येईना. औषध त्याच दिवशी बंद केलं. नजर बरीच परतली, पूर्ण नाही. तेव्हा आईंची नजर आणि रंगओळख औषध सुरू असतानाच्या पहिल्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे तपासून लिहून ठेवा, मग दर महिन्याला. मधुमेह असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण पडदा आधीच खराब असला तर नवं बिघडलेलं कळत नाही. घरी रोज एक डोळा झाकून पेपरातला बारीक मजकूर वाचायला लावा, मग दुसरा. एखादी लाल वस्तू एका डोळ्याला विटकी दिसली, तर इथॅम्ब्युटॉलचा पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणखी दोन गोष्टी. रिफाम्पिसिन ॲम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळ्यांचा असर उतरवतं, त्यामुळे दोन आठवड्यांत बीपी चढलं तर पथ्याला दोष देत बसू नका, डोस बघून घ्या. आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6, वगळू नका. आयसोनियाझिडने ते कमी होतं, डायलिसिसमध्येही जातं. पायाला मुंग्या येणं सगळ्यांना माहीत असतं, पण डायलिसिसच्या पेशंटला यातून भ्रम होतो, झटकेही येऊ शकतात. अचानक असंबद्ध बोलायला लागल्या तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका.

आता सूनबाई. चारही औषधं गरोदरपणात देतात, डोस कमी करत नाहीत. नेटवर पायराझिनामाइडबद्दल शंका वाचाल. अमेरिकेत ते गरोदरपणात टाळायची पद्धत बरीच वर्षं होती, कारण तिथल्या मते पुरेशी माहिती नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आणि आपला सरकारी टीबी कार्यक्रम ते देतात. ते गाळलं तर सहा महिन्यांचा कोर्स नऊवर जातो. पोटातल्या बाळाला खरा धोका स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिनसारख्या इंजेक्शनांचा, त्यांनी बाळाचे कान जातात. उपचाराविना राहिलेला टीबी आई आणि बाळ दोघांनाही या गोळ्यांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

त्यांच्या बाबतीत डोळा ठेवायचा तो यकृतावर, बाळंतपणानंतरचे पहिले काही महिनेसुद्धा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होतेच, त्यावरून कावीळ ठरवू नका. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. जेवणावरची वासना उडाली, उलट्या थांबेनात, तर ‘गरोदरपणातलं चालायचंच’ न म्हणता रक्त तपासा. त्यांनाही बी-6 रोज हवं. जन्मल्यावर बाळाला व्हिटॅमिन के मिळालंय ना, हे विचारून घ्या, कारण रिफाम्पिसिनमुळे रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते.

पाजायचं म्हणाल तर बिनधास्त. आज सुरू केलेला कोर्स बाळ साधारण दोन महिन्यांचं होईपर्यंत चालेल, आणि पायराझिनामाइड बाळंतपणाआधीच संपलेलं असेल. दुधात औषध उतरतं ते इतकं थोडं की त्याने बाळाला अपाय नाही, आणि बाळाचं टीबीपासून रक्षणही नाही. दुसरा भाग लोक विसरतात. बाळंतपणाच्या सुमारास थुंकीत जंतू असतील तर मास्क लावून पाजायचं, आणि बाळ तपासून त्याला टीबी नसल्याची खात्री झाली की बालरोगतज्ज्ञ त्याला वजनाप्रमाणे वेगळं प्रतिबंधक औषध देतात. बीसीजी कधी द्यायची तेही त्यांनाच ठरवू द्या.

कोर्स संपेपर्यंत आणि नंतरचा महिनाभर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, रिफाम्पिसिन त्यांचाही असर घालवतं. तांबी बसवायची असेल तर बाळंतपणाच्या वेळीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.