पॅकिंग मशीन घेऊ का? वसुलीचा खरा हिशेब

"माझा छोटा मसाल्याचा कारखाना आहे. पॅकिंगला आठ बायका आहेत. मशीनवाला म्हणतो, सात महिन्यांत पैसे वसूल. बायकांना काढायचं नाही, पण संधीही सोडवत नाही. काय करू?"

सांगलीकडचे एक मसालेवाले अगदी असंच कोटेशन घेऊन माझ्याकडे आले होते. मशीन 7 लाखांचं. आठ जणींची रोजची 500 रुपये मजुरी, 26 दिवस, म्हणजे महिन्याला 1,04,000. 7 लाखांना त्याने भागलं की जवळपास सात महिने येतात. गणित बरोबर, पण दोन्ही आकडे कच्चे.

कॉम्प्रेसर, वाहतूक, बसवणी आणि रोलच्या छपाईचे सिलिंडर धरून खर्च 8,50,000 वर गेला. (जीएसटीची वजावट मिळत होती, म्हणून तो धरला नाही.) मग मी विचारलं, मशीन आल्यावर पगारपत्रकातून नक्की कोण कमी होणार? हॉपर भरायला आणि बॉक्स लावायला तिघी लागणारच होत्या. आणखी तिघींना ते काढणार नव्हते. उरल्या दोघी. त्यांना मिरचीचे देठ काढायला पाठवलं की तिथली नवी भरती टळत होती, तेवढे 26,000 वाचणार. त्यातून ऑपरेटरचे 18,000 गेले. राहिले 8,000. वीज आणि देखभाल 12,000. म्हणजे मजुरीच्या बाजूने मशीन तोट्यातच!

फायदा निघाला तो वजनात. तयार मालातली 50 पाकिटं काढून, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करून मोजली. 100 ग्रॅमच्या पाकिटात सरासरी 102.5 ग्रॅम मसाला होता. कमी भरण्याच्या भीतीने हात सैल सुटतो. त्यांचीच मिरची पूड घेऊन मशीनवर चाचणी केली, तर सरासरी 101 आली. दिवसाला 6,000 पाकिटं, पाकिटामागे दीड ग्रॅम, म्हणजे महिन्याला 234 किलो. 280 रुपये किलोने सुमारे 65,500 रुपये. हे धरून महिन्याला 61,500 सुटत होते आणि वसुली चौदा महिन्यांवर जात होती.

हेही वाईट नाही. पण हा दीड ग्रॅम वाचवायला एवढं मोठं मशीन हवंच का? 1,80,000 चं अर्धस्वयंचलित ऑगर फिलर, म्हणजे स्क्रू फिरवून पूड मोजून सोडणारं यंत्र, त्याच पुडीवर तेवढंच अचूक भरत होतं. पाकीट हाताने धरायचं, सील जुन्याच बँड सीलरवर. देखभालीचे 3,000 वजा केले तरी तीन महिन्यांत वसूल. वजन करणाऱ्यांपैकी काही जणी इथेही मोकळ्या होतात, तो फायदा मी मोजलाच नाही. मोठ्या मशीनसाठी वरचे 6,70,000 घालून हाती काहीच येत नव्हतं.

मशीनवाला "दिवसाला सोळा हजार पाकिटं" सांगेल. तुमची विक्री सहा हजारच असेल तर उरलेल्या दहा हजारांची किंमत शून्य धरा. पक्क्या ऑर्डरी दहा-बारा हजारांवर गेल्या आणि नव्या बायका घ्यायची वेळ आली, की टळलेली ती मजुरी धरून मोठ्या मशीनचा हिशेब पुन्हा मांडा. तोवर उद्या सकाळी 50 पाकिटं काट्यावर ठेवा आणि सरासरी मला कळवा.