अर्धशिशी, उजेड आणि घरातला काळा गॉगल

प्रश्न: मायग्रेनमुळे उजेड अजिबात सहन होत नाही, म्हणून हल्ली घरात आणि ऑफिसातही काळा गॉगल लावून बसते. तरी त्रास वाढतच चाललाय. टिंटेड काचांचा चष्मा करून घेऊ का? नाशिकमध्येच राहते.

उत्तर:

चष्मा करून घ्या, पण आधी घरातला गॉगल सोडवा. एकदम नाही, हळूहळू. तुमचा त्रास वाढण्यामागे बहुतेक तोच आहे. मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सातपूरला राहते आणि नाशिकरोडला एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. अर्धशिशी कॉलेजपासूनची. तीन वर्षांपूर्वी अटॅक वाढले तेव्हा ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली बसवेना, म्हणून गाडीवर लावायचा गॉगल टेबलावरही लावायला लागले. पहिले आठ-दहा दिवस स्वर्ग वाटला. मग घरीही लावायला लागले, पडदे ओढून घेतले. पाच महिन्यांनी अशी गत झाली की रात्री पाणी घ्यायला फ्रिज उघडला की आतल्या दिव्याने डोळे गच्च मिटायचे. सकाळी दार उघडायला नवऱ्याला पाठवायचे, कारण जिन्यातला उजेड कपाळात शिरायचा.

असं का होतं, ते मला डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. अंधारात गेल्यावर आपला डोळा अर्ध्या-पाऊण तासात त्या अंधाराला सरावतो आणि उजेडाला कितीतरी जास्त संवेदनशील होतो. बाहेर उन्हात लावायचा गडद गॉगल साधारण ८ ते १८ टक्केच उजेड आत सोडतो. खोलीत मुळात उन्हाच्या मानाने फार कमी उजेड असतो, त्यात हा गॉगल लावला की डोळा दिवसभर अंधारात बसल्यासारखाच राहतो. मग गॉगल काढला की साधा दिवासुद्धा टोचतो, आपण घाबरून पुन्हा लावतो, आणि चक्र सुरू राहतं.

हे मनाचे खेळ नाहीत, हेही सांगते, कारण घरचे कधी कधी तसं म्हणतात. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या चित्र बघायला फारशा नसतात, फक्त उजेड किती आहे ते मेंदूला कळवतात. २०१० मध्ये बोस्टनच्या रामी बर्स्टीन यांच्या गटाने अर्धशिशी असलेले अंध रुग्ण तपासले. ज्यांना दिसत नव्हतं पण उजेड जाणवत होता, त्यांची डोकेदुखी उजेडाने वाढत होती. ज्यांना उजेडाची जाणीवच नव्हती, त्यांची वाढत नव्हती. म्हणजे उजेडाची वाट डोकेदुखीच्या वाटेला मेंदूत जाऊन मिळते. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त जागतात. हा आकडा लक्षात ठेवा, चष्म्याच्या वेळी लागेल.

गॉगल सोडवायला मला सात आठवडे लागले. अटॅक नसलेल्या दिवशी दुपारी जेवणानंतर, घरातल्या सगळ्यात मंद खोलीत, फक्त वीस मिनिटं गॉगलशिवाय बसायचं. पडदा ओढलेलाच, पण दिवा बंद करून मिट्ट काळोख करायचा नाही. तीन दिवस वीस मिनिटं जमलं की दहा मिनिटं वाढवायची. दोन आठवड्यांनी पडदा चार बोटं उघडला. फरशीवर पडलेला कवडसा बघवत नव्हता, म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायचे आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड बघायचे. तेवढं चालायचं. चौथ्या आठवड्यात ऑफिसातला गॉगल काढला, तोही आधी फक्त दुपारनंतर. मध्ये दोन अटॅक आले. त्या दिवशी अंधारात पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी जिथे सोडलं होतं त्याच्या एक पायरी मागून पुन्हा सुरू केलं. अटॅक चालू असताना अंधार हवाच, तिथे हट्ट करू नका. प्रश्न आहे तो मधल्या दिवसांचा.

आता चष्मा. मायग्रेनसाठी ज्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे त्या टिंटचं नाव एफएल-४१. रंग गुलाबी-तपकिरी. मुळात ट्यूबलाइटचा त्रास होणाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये तो तयार झाला. १९९१ मध्ये तिथल्याच एका छोट्या अभ्यासात, मायग्रेन असलेल्या मुलांचे महिन्याला सरासरी ६.२ अटॅक होते, ते या काचांनी चार महिन्यांत १.६ वर आले. मुलं थोडीच होती, त्यामुळे तेवढ्या आकड्यावर हुरळून जायला नको. पण काच काम का करते ते कळतं: ती निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा, म्हणजे त्या ४८० च्या आसपासचा उजेड अडवते आणि बाकीचा बराचसा येऊ देते. त्यामुळे डोळा अंधाराला सरावत नाही. काळा गॉगल सगळंच अडवतो.

इथे फसगत होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे ‘ब्लू कट’. दुकानात तुम्ही उजेडाचा त्रास म्हटलंत की हेच पुढे करतात. बिनरंगी ब्लू कट काच मुख्यतः ४५० च्या खालचा जांभळा-निळा उजेड थोडासा अडवते, ४८० ला तिचा फारसा संबंध नाही. माझे एका दुकानात यातच पैसे गेले. दुसरी फसगत साध्या गुलाबी टिंटची. दिसायला एफएल-४१ सारखीच, पण गुलाबी रंग निळा उजेड आत सोडूनही बनतो. म्हणून चष्मावाल्याकडे काचेचा ट्रान्समिशनचा, म्हणजे कोणत्या रंगाचा किती उजेड आत येतो त्याचा, आलेख मागा आणि ४८० वर रेघ खाली आली आहे का ते स्वतः बघा. आलेख नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. मी शेवटी काच बाहेरून मागवून इथल्या चष्मावाल्याकडून माझ्या नंबरच्या फ्रेममध्ये बसवून घेतली. घरात-ऑफिसात फिकी छटाच घ्या, समोरच्याला तुमचे डोळे नीट दिसतील इतकी. गडद घेतलीत तर तोच जुना गॉगल गुलाबी रंगात परत येईल.

मी गॉगल सोडवताना चौथ्या आठवड्यापासून ती वापरली आणि आता फक्त ऑफिसात लावते. तिने चालू अटॅक थांबत नाही. माझं दिवसअखेरीचं डोकं धरणं मात्र निम्म्याने कमी झालं, हे डायरीत लिहून ठेवलं म्हणून सांगू शकते. घेतल्यावर तुम्हीही दोन महिने अटॅकचे दिवस आणि गोळ्या लिहा. फरक नसेल तर काचेत आणखी पैसे घालू नका.

काचेआधी मात्र एक बिनपैशाचं काम करा. तुमच्या टेबलावरच्या ट्यूबकडे मोबाइलचा कॅमेरा धरा आणि स्लो मोशनमध्ये पाच सेकंद शूटिंग करा. मी केलं तेव्हा स्क्रीनवर ट्यूब चक्क धपधप करत होती, आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवरून काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते दिसत नाही, पण अर्धशिशीवाल्याच्या मेंदूला जाणवू शकतं. मी मॅनेजरसाहेबांना तेच शूटिंग दाखवलं. आजवर ‘मॅडमना उजेड सोसत नाही’ म्हणणारे ते, बघून गप्प झाले आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब बदलून दिली. नवी घेतानाही दुकानात लावून कॅमेऱ्याने बघा, नुसत्या खोक्यावर जाऊ नका. शिवाय कॉम्प्युटर असा ठेवा की खिडकी बाजूला येईल, समोर किंवा पाठीमागे नाही. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा. स्क्रीन कागदापेक्षा उजळ दिसत असेल तर तेवढी कमी करा.

गाडीवरचं वेगळं. बाहेर उन्हात गडद गॉगल हवाच, तिथे तो योग्य आहे. माझा रस्ता असा की सकाळी द्वारकेवरून पुणे रोडला लागले की हिवाळ्यात सूर्य बरोबर तोंडासमोर, आणि संध्याकाळी त्र्यंबक रोडला पुन्हा समोरच. पोलराइज्ड गॉगल ओल्या रस्त्यावरून आणि पुढच्या गाडीच्या काचेवरून येणारी चकाकी छान मारतो, पण समोरून थेट येणारा सूर्य तो वेगळा काही अडवत नाही. त्यासाठी मी आतून खाली ओढायची काळी पट्टी असलेलं हेल्मेट घेतलं. आणि हेल्मेटची बाहेरची काच ओरखडे पडली की बदला. तिरपा सूर्य प्रत्येक ओरखड्यावर फुटतो आणि सगळी काच पांढरी होते. ऑफिसला पोचल्यावर गॉगल दारातच काढू नका, मिनिटभर आतल्या पॅसेजमध्ये थांबून काढा. एफएल-४१ लावून गाडी चालवू नका, रात्री तर नाहीच. हिरवा सिग्नल त्यातून फिका दिसतो.

आणि हे सगळं करायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. माझ्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवली, तर जेमतेम ६ मिलिमीटर भिजली. डोळे कोरडे होते, आणि कोरडा डोळाही उजेडाला असाच भितो. थेंब सुरू केल्यावर टोचणी थोडी तिथेच कमी झाली. गोळ्यांचाही हिशेब करा: साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा खास मायग्रेनची ट्रिप्टान गोळी १० दिवस लागत असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं उठत असण्याची शक्यता असते, ते मेंदूविकारतज्ज्ञांना सांगा. एकच डोळा लाल होऊन दुखत उजेड सहन होईना, किंवा ताप येऊन मान आखडली, तर तो मायग्रेन समजून घरी अंधारात पडून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.